कॅप्टन निवडताना फिक्श्चरचे रंग किती बघता? (एफपीएल)

अर्धावेळ

नमस्कार मंडळी. फँटसी प्रीमियर लीग म्हणजेच एफपीएलमधला हा प्रश्न जुना आहे, पण मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

२०२४-२५ च्या सीझनमधला माझा अनुभव सांगतो. सातव्या गेमवीकनंतर इंटरनॅशनल ब्रेक होता, त्यामुळे विचार करायला दोन आठवडे मिळाले. सोपे सामने हिरवे आणि अवघड सामने लाल दाखवणारा फिक्श्चरचा तक्ता समोर घेऊन बसलो. सिटीचे पुढचे चार सामने: वूल्व्ह्जकडे, साउदॅम्प्टन घरी, बोर्नमथकडे, ब्रायटनकडे. लिव्हरपूलचे पहिले दोन: चेल्सी घरी आणि मग थेट आर्सेनलकडे. मी सालाहला विकलं. दोन आठवड्यांनी ब्रायटन अॅनफिल्डवर येणार होते, तेव्हा परत घेऊ असा बेत. ज्याचे पॉइंट दुप्पट होतात तो कॅप्टन मात्र हालांड, डोळे झाकून.

पुढे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. सालाहने चेल्सीविरुद्ध पेनल्टीवर गोल केला, कर्टिस जोन्सच्या गोलला असिस्ट दिला. आर्सेनलकडे २-२ झालं, त्यातही त्याचा गोल. हालांडला वूल्व्ह्जविरुद्ध काही नाही, साउदॅम्प्टनविरुद्ध एक गोल, बोर्नमथविरुद्ध पुन्हा काही नाही.

तेव्हा दोन प्रश्न. कॅप्टन ठरवताना समोरचा संघ किती बघायचा? आणि ट्रान्स्फर फिक्श्चरप्रमाणे करायच्या तर किती आधी आणि कुणाच्या?

कोपरा_किक

सालाहला विकलंत? त्या सीझनला? ३४४ पॉइंट केले हो त्याने, एफपीएलच्या इतिहासातले सर्वाधिक.

पायचीत

माझा साधा नियम आहे. दोघांवर एकमत होत नसेल तर एकाला कॅप्टन, दुसऱ्याला व्हाइस कॅप्टन. व्हाइसचे दीडपट मिळतातच, म्हणजे फार नुकसान होत नाही. तुम्ही हालांड कॅप्टन आणि सालाह व्हाइस केलं असतं तरी भागलं असतं.

जाळीरक्षक

पायचीत, तुम्ही क्रिकेटच्या फँटसीचं सांगताय :) इथे व्हाइसला दीडपट वगैरे काही नसतं. कॅप्टन एक मिनिटही खेळला नाही तरच व्हाइसचे दुप्पट होतात. कॅप्टन ८९व्या मिनिटाला बेंचवरून आला तर त्याचा एक पॉइंट, दुप्पट करून दोन, आणि व्हाइस जसाच्या तसा. हा मार मी दोनदा खाल्लाय. म्हणून मी म्हणतो, कॅप्टन आधी सुरुवातीपासून खेळणारा हवा, मग बाकीचं. आठवड्याच्या मध्ये युरोपचा सामना असेल आणि कोच खेळाडू फिरवणारा असेल, तर हिरवं फिक्श्चर काय कामाचं?

पायचीत

अच्छा, मग मी अख्खा सीझन चुकीच्या समजुतीत होतो. धन्यवाद. इथे नवीन आहे, वाचत राहतो.

मधली_फळी

अर्धावेळ, तुमचे दोन प्रश्न खरं तर वेगवेगळे आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच तक्ता लावलात. माझ्या मते घोळ तिथेच झाला.

तो तक्ता ट्रान्स्फरसाठी चांगला आहे, कॅप्टनसाठी फारसा नाही. आधी ४.५ किमतीचा स्वस्त डिफेंडर घ्या. साठ मिनिटं खेळल्याचे त्याला दोन पॉइंट मिळतात, आणि क्लीन शीट मिळाली तर आणखी चार. गोल-असिस्ट क्वचित. म्हणजे त्याच्या कमाईचा मोठा भाग एका गोष्टीवर टांगलेला आहे, समोरच्या संघाने गोल केला की नाही. अशा खेळाडूला समोर कोण आहे याने प्रचंड फरक पडतो. त्याला हिरव्या आठवड्यात खेळवायचं, लाल आठवड्यात बसवायचं किंवा विकायचं.

आता सालाह किंवा हालांड. पेनल्टी त्यांच्याकडे, संघाचे सगळे हल्ले त्यांच्यावर येऊन संपतात, नव्वद मिनिटं मैदानावर. त्यांची कमाई समोरच्यापेक्षा स्वतःच्या संघावर जास्त अवलंबून असते. त्याच सीझनमधली दोन उदाहरणं लागोपाठची आहेत. तिसऱ्या गेमवीकला ओल्ड ट्रॅफर्डवर सालाहचा एक गोल आणि दोन असिस्ट. चौथ्याला घरी नॉटिंगहॅम फॉरेस्ट, सगळ्यांनी कॅप्टनची पट्टी त्याच्या दंडावर बांधली, आणि लिव्हरपूल ०-१ हरलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ०-५ झालं तेव्हा त्याची हॅटट्रिक, शिवाय एक असिस्ट, एकूण २४ पॉइंट. त्या आठवड्यात 'अवे आहे, युनायटेड आहे' म्हणून कॅप्टनपद दुसऱ्याला देणारे कितीतरी होते.

फॉरेस्टचा एक सामना हा काही पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण मुद्दा असा की महागड्या अटॅकरच्या बाबतीत हिरवं आणि लाल यांतलं अंतर आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी असतं. आणि त्याला विकून परत घ्यायचं म्हणजे दोन ट्रान्स्फर जातात. वर विकताना वाढलेल्या किमतीतली अर्धीच पदरात पडते. १२.५ ला घेतलेला १२.७ झाला तर हातात १२.६ येतात, परत घेताना मात्र १२.७ किंवा जास्त मोजायचे. दोन आठवड्यांच्या लाल रंगासाठी हे परवडत नाही.

हिशेबनीस

मधली_फळी, उत्तम लिहिलंय, पण निकाल कळल्यावर हे बोलणं सोपं आहे. हालांडने पहिल्या पाच सामन्यांत दहा गोल केले होते. त्याला कॅप्टन ठेवणारा माणूस चुकला असं कसं म्हणणार?

आणि दुसरं, लोक हिटला, म्हणजे फुकटच्या ट्रान्स्फरपलीकडे जादा ट्रान्स्फरसाठी चार पॉइंट देण्याला, उगाच घाबरतात. चांगला कॅप्टन मिळत असेल तर बेधडक उणे चार घ्या. हिशेब सरळ आहे. नवा खेळाडू साडेसहा करेल असं वाटतं, कॅप्टन म्हणून तेरा. तेरातून चार गेले, नऊ उरले. नऊ पॉइंट देणारा दुसरा कोण आहे तुमच्या संघात?

मधली_फळी

हालांडबद्दल अर्धं मान्य. त्याला विकायला हवं होतं असं मी म्हणत नाहीये. पण बघण्यासारखी एक गोष्ट तेव्हा डोळ्यासमोर होती. २२ सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध रॉड्रीच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा जवळपास सगळा सीझन गेला. सिटीचा चेंडू पुढे पोचवणारा माणूसच नाहीसा झाला. तक्त्यात मात्र वूल्व्ह्ज हिरवे ते हिरवेच, कारण तो रंग समोरच्या संघाचा असतो. आपल्या संघाला काय झालंय ते त्यात कुठेच दिसत नाही. नंतर सिटी लीगमध्ये बोर्नमथ, ब्रायटन, टॉटनम आणि लिव्हरपूल असे ओळीने चार सामने हरलं. इतकं कोसळतील असं मलाही वाटलं नव्हतं. तरी दोघे संघात असताना दंडाची पट्टी कुणाला द्यायची, हा विचार तेव्हा करता येण्यासारखा होता.

आता तुमचा हिशेब. तो चुकतोय, आणि ही चूक फार जण करतात म्हणून पूर्ण मांडतो.

समजा ज्याला काढताय तो या आठवड्यात ४ करेल असा अंदाज आहे. तुमच्या संघात आधीच एक बरा कॅप्टन आहे, त्याचा अंदाज ६. काहीच केलं नाही तर या दोघांचे मिळून ४ आणि ६ चे दुप्पट १२, म्हणजे १६. आता हिट घेऊन ६.५ वाला आणलात आणि त्याला कॅप्टन केलंत. त्याचे १३, जुना कॅप्टन आता साधा खेळाडू म्हणून ६, एकूण १९. फायदा तीनचा आणि खर्च चारचा. तुम्ही एक पॉइंट गमावलात, नऊ कमावले नाहीत.

कॅप्टन बदलल्याचा फायदा म्हणजे नव्या कॅप्टनचे सगळे पॉइंट नव्हेत. नवा आणि तुमच्याकडे असलेला सगळ्यात चांगला पर्याय यांच्यातला फरक, तेवढाच. इथे तो अर्ध्या पॉइंटचा आहे.

कोपरा_किक

मी गेली कित्येक वर्षं तेरा उणे चार करत आलोय. हे छापून भिंतीवर लावतो.

हिशेबनीस

मान्य, जुन्या कॅप्टनचे सहा मी धरलेच नव्हते. पण तुमचाही हिशेब अर्धाच आहे. नवा खेळाडू फक्त एक आठवडा थोडाच राहणार? दर आठवड्याला तीनचा फायदा धरला तर दुसऱ्या आठवड्यात हिट वसूल होऊन दोन वर राहतात, तिसऱ्यात पाच.

मधली_फळी

एक आठवडा थांबलात तर तोच खेळाडू फुकटच्या ट्रान्स्फरवर येतो. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याचा फायदा तुम्हाला तसाही मिळणार आहे. चार पॉइंट देऊन तुम्ही विकत घेता तो फक्त पहिला आठवडा.

हिशेबनीस

आणि पुढच्या आठवड्याची फुकटची ट्रान्स्फर? ती माझ्याकडे शिल्लक राहते ना! तुम्ही ती याच कामावर खर्च केलीत. मी ती दुसऱ्या कुणावर वापरेन. मग त्या चारात एक जादा ट्रान्स्फर आली असं धरायला हवं. तिची किंमत शून्य नाही.

मधली_फळी

हा मुद्दा बरोबर आहे. तिची किंमत किती हे मात्र संघावर ठरतं. संघात दोन-तीन जखमी असतील तर ती जादा ट्रान्स्फर चार पॉइंटहून महाग असेल. संघ धडधाकट असेल तर ती पडून राहील. यावर एक ठाम आकडा मला देता येणार नाही.

शेवटचं_मिनिट

ट्रान्स्फर कधी करायची यावर कुणी बोललंच नाही, तेव्हा मी लिहिते.

मी पूर्वी रविवारी रात्रीच ट्रान्स्फर करून मोकळी व्हायची. कारण एकच, किंमत. ज्याला सगळे घेताहेत त्याची किंमत रात्रीतून ०.१ ने वाढते, ती वाचवायची. एकदा एक मिडफिल्डर असाच घेतला. पुढचे चार सामने सोपे होते, तो फॉर्मात होता, आणि किंमत त्याच रात्री वाढणार अशी लक्षणं होती. ०.१ वाचले म्हणून खूश होते. बुधवारी युरोपच्या सामन्यात विसाव्या मिनिटाला तो मांडीचा मागचा स्नायू धरून खाली बसला. मी थेट बघत होते. उठून हळूहळू चालत रेषेबाहेर गेला तेव्हाच कळलं, महिनाभर तरी गेला हा. शुक्रवारी उणे चार घेऊन त्याच्या जागी दुसरा आणला. ०.१ वाचवायच्या नादात चार पॉइंट आणि एक ट्रान्स्फर गेली.

तेव्हापासून कोचच्या पत्रकार परिषदा होईपर्यंत मी हात लावत नाही. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते आणि बहुतेक कोच त्याच्या आदल्या दिवशी बोलतात. त्यातून 'पाहू', 'उद्या ठरवू' असं ऐकलं की कॅप्टन दुसरा.

जाळीरक्षक

शेवटचं_मिनिट, सहमत, पण एक सवलत देतो. बजेट अगदी काठावर असेल आणि ०.१ ने पुढची सगळी योजनाच कोसळणार असेल, तर लवकर करावी. तीही ज्या संघाला मधल्या वारी सामना नाही अशाच संघातल्या खेळाडूची.

शेवटचं_मिनिट

हो, ते चालेल. युरोपात न खेळणाऱ्या संघांचा हा फायदा तक्त्यात दिसत नाही.

जाळीरक्षक

तक्त्याचं आणखी एक. अधिकृत तक्ता प्रत्येक सामन्याला पाचपैकी एकच आकडा देतो. समोरच्या संघाचा बचाव कसा आणि हल्ला कसा, हे वेगळं कळत नाही. २०२४-२५ चं टॉटनम बघा. सतराव्या क्रमांकावर राहिले, ६५ गोल खाल्ले, पण ६४ केलेही. अशा संघासमोर तुमचा स्ट्रायकर असेल तर हात धुवून घ्या. तुमचा डिफेंडर असेल तर क्लीन शीटची आशा कशाच्या जोरावर धरणार? एकच आकडा दोघांना कसा लागू होईल? याच टॉटनमने सिटीला त्यांच्या घरात ०-४ ने हरवलं होतं. त्या दिवशी माझ्या संघात सिटीचे दोन डिफेंडर होते.

मी आता समोरच्या संघाने गेल्या सहा-सात सामन्यांत किती एक्सजी, म्हणजे संधींवरून अपेक्षित गोल, दिले आणि किती मिळवले ते वेगवेगळं बघतो. अटॅकरसाठी पहिला आकडा, डिफेंडरसाठी दुसरा. घर आणि बाहेर हेही वेगळं.

निळी_बाजू

सगळं वाचलं. पण इथे कुणी रँकचा विचारच करत नाहीये. बहुतेकांचा कॅप्टन हालांड असताना तुम्ही दुसरा घेतलात आणि हालांडने हॅटट्रिक केली तर एका दिवसात लाखभर जागा खाली जाता. म्हणून मी जो सगळ्यांचा तोच माझा करते.

मधली_फळी

निळी_बाजू, तुम्ही पुढे असाल तर ते योग्य. मागे असाल तर सगळ्यांसारखंच करून वर कशा जाल? मिनी-लीगमध्ये मी शेवटच्या आठ-दहा आठवड्यांत याचा विचार करतो. त्याआधी ज्याचा अंदाज जास्त तो कॅप्टन. अंदाज बरोबरीचे असतील तरच गर्दी बघतो.

निळी_बाजू

मला नाही पटत. सुरुवातीला गेलेले पॉइंट शेवटी परत मिळवणं अवघड असतं. पण ठीक आहे, ज्याचा त्याचा धीर.

पायचीत

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. फुकटच्या ट्रान्स्फर न वापरता साठवता येतात का?

मधली_फळी

येतात, आणि अर्धावेळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पूर्वी जास्तीत जास्त दोन साठायच्या. २०२४-२५ पासून पाच साठतात. यामुळे फिक्श्चरप्रमाणे खेळणं बदललं.

मी असं करतो. तक्त्यात पुढे कुठल्या संघाचं वळण येतंय ते शोधतो, म्हणजे लाल-गुलाबी संपून ओळीने चार तरी हिरवे कुठे सुरू होतात. समजा ते बाराव्या गेमवीकला आहे. मग दहाव्याला आणि अकराव्याला कुणी जखमी नसेल तर ट्रान्स्फर करत नाही. बाराव्याला हातात तीन असतात. त्या वेळी त्या संघाचा एक डिफेंडर, एक मधल्या किमतीचा मिडफिल्डर आणि तिसरी गरज असेल तशी, असं एकदम उचलतो. दर आठवड्याला एक करत बसलो तर डिफेंडर येईपर्यंत चारातले दोन हिरवे सामने निघून गेलेले असतात.

वळणाच्या आधीच्या आठवड्यात घ्यायचा मोह होतो, किंमत वाढेल म्हणून. पण त्या आठवड्यात त्याचा शेवटचा लाल सामना असतो. तुम्ही चांगला चालणारा खेळाडू काढून त्याच्या जागी लाल सामना घेतलेला असतो.

आणि चार-पाच आठवड्यांच्या पुढचं मी पाहतच नाही. तोवर कोच बदलतो, कुणी जखमी होतं, कपच्या सामन्यांमुळे एखादा सामना पुढे जातो. दहा आठवड्यांनंतर हिरवं दिसणारं त्या दिवशी हिरवं राहीलच असं नाही.

कोपरा_किक

डबल गेमवीकला, कॅप्टनचे तिप्पट पॉइंट देणारा ट्रिपल कॅप्टन लावायचा का, यावरही बोला कुणीतरी. मी दरवर्षी लावतो आणि दरवर्षी दुसऱ्या सामन्यात तो बेंचवर.

जाळीरक्षक

तो वेगळा धागा होईल. पण थोडक्यात, दोन सामने म्हणजे दुप्पट मिनिटं असं धरू नका. कोच दीडच सामना खेळवेल असं धरून अंदाज बांधा, आणि मग तो एका सोप्या घरच्या सामन्यापेक्षा खरंच जास्त आहे का ते बघा.

अर्धावेळ

सगळ्यांचे आभार. तेव्हाचा संघ पुन्हा काढून मधली_फळी यांच्या पद्धतीने हिशेब करून बघितला.

सालाहला विकल्यामुळे आठव्या आणि नवव्या गेमवीकला बोनस सोडूनही १७ पॉइंट हातचे गेले. आठव्याचे दहा, नवव्याचे सात. त्याच्या जागी आलेल्याने दोन्ही मिळून सहा केले. म्हणजे अकरा गेले, आणि वर दोन ट्रान्स्फर. त्याच दोन ट्रान्स्फर मी डिफेंडरवर वापरू शकलो असतो. माझे दोन्ही डिफेंडर त्या आठवड्यांत लाल सामने खेळत होते आणि मी त्यांना तसेच ठेवले होते. तक्ता मी नेमका उलट्या ठिकाणी लावला होता.

कॅप्टनबद्दल मात्र हिशेबनीस यांचं मला पटतं. पाच सामन्यांत दहा गोल करणाऱ्याकडून पट्टी काढायचं धाडस मला आजही झालं नसतं. रॉड्रीची बातमी मी वाचली होती, पण तिचा हालांडशी संबंध लावला नाही.

एक शंका उरते. रॉड्रीसारखा कणा मोडला की त्याचा परिणाम गोलांवर दिसायला किती सामने थांबायचं? एका सामन्यावरून निष्कर्ष काढला तर घाई होते, चार सामने थांबलं तर उशीर.

मधली_फळी

मी दोन बघतो. गोल बघत नाही, त्या स्ट्रायकरला बॉक्समध्ये किती वेळा चेंडू मिळाला ते बघतो. पाचव्या गेमवीकनंतर तुम्ही सहावा आणि सातवा बघितला असता. न्यूकॅसलकडे १-१, त्यात गोल ग्व्हार्डिओलचा. फुलमविरुद्ध ३-२, त्यात कोव्हाचिचचे दोन आणि डोकूचा एक. पाच गोल झालेल्या सामन्यात घरच्या मैदानावर हालांडचं नाव नाही. तेवढ्यावर मी त्याला विकला नसता. पट्टी मात्र सालाहला दिली असती, चेल्सी असो वा नसो.

हिशेबनीस

आणि साउदॅम्प्टन घरी आले तेव्हा?

मधली_फळी

तेव्हा हालांडलाच. तिथे मीही तेच केलं होतं.